खडूच्या एका रेघेत अणू किती?

फळ्यावर खडूने आपण वीतभर लांबीची एक रेघ ओढलीत, तर त्या रेघेत किती अणू असतील? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. अणू डोळ्यांना दिसत नाही, चिमटीत धरता येत नाही. मग तो मोजायचा कसा? परंतु एक खडू, सराफाच्या दुकानात असतो तसा नाजूक काटा आणि चार ओळींचे गणित एवढ्या सामग्रीवर या प्रश्नाचे उत्तर काढता येते. मात्र हे गणित करताना एका ठिकाणी पुष्कळ जण फसतात आणि आपण फसलो हे त्यांना कळतही नाही. ती जागा कोणती हेही आपण पाहणार आहोत.

न मोजता मोजण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातच आहे. एक किलो तांदळात दाणे किती, असे कोणी विचारले तर कोणतीही शहाणी गृहिणी पोते उपसून दाणे मोजीत बसणार नाही. ती शंभर दाणे मोजून घेईल व त्यांचे वजन करील. ते दोन ग्रॅम भरले, तर एक किलोत पन्नास हजार दाणे आहेत हे उघड झाले. वजनावरून संख्या काढण्याची हीच रीत अणूंना लावावयाची आहे. अडचण एवढीच की, शंभर अणू मोजून काट्यावर ठेवणे आपल्याला शक्य नाही.

या अडचणीतून रसायनशास्त्रज्ञांनी जी वाट काढली ती मोठी सुबक आहे. एका अणूचे वजन किती हे त्यांना ठाऊक नव्हते. पण एक अणू दुसऱ्याच्या किती पट जड आहे हे त्यांनी शोधून काढले होते. अशी कल्पना करा की, प्रत्येक नारळ प्रत्येक बोराच्या शंभर पट जड आहे. आता पाच किलो बोरांचा ढीग आणि पाचशे किलो नारळांचा ढीग समोर असेल, तर दोन्ही ढिगांतील नग सारखेच असले पाहिजेत. ते किती हे कळावयाच्या आधीच ते सारखे आहेत हे आपण छातीठोकपणे सांगू शकतो. अणूंचेही तसेच आहे. ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे सोळा पट आणि कॅल्शियमचा सुमारे चाळीस पट जड आहे. तेव्हा एक ग्रॅम हायड्रोजन, सोळा ग्रॅम ऑक्सिजन आणि चाळीस ग्रॅम कॅल्शियम या तिन्हींत अणूंची संख्या जवळजवळ तीच असणार. या ठराविक संख्येइतक्या कणांच्या समूहाला ‘मोल’ म्हणतात. येथे मोल म्हणजे किंमत नव्हे. डझन म्हटले की बारा, तसे मोल म्हटले की ही एक संख्या, एवढाच त्याचा अर्थ.

ही संख्या इटालियन शास्त्रज्ञ आव्होगाद्रो याच्या नावाने ओळखली जाते. सारख्याच तपमानाच्या व दाबाच्या सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते, हा विचार त्याने १८११ साली मांडला. पण ती संख्या किती, हे त्याला आयुष्यभर कळले नाही. पुढे १९०८–०९ च्या सुमारास फ्रान्समध्ये झां पेरँ याने पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची हालचाल सूक्ष्मदर्शकातून पाहून तिचा अंदाज केला आणि तिला आव्होगाद्रोचे नाव दिले. आपल्या काळात तर शुद्ध सिलिकॉनचा सुमारे एक किलो वजनाचा गुळगुळीत गोळा घडवून तीच संख्या फार काटेकोरपणे काढण्यात आली. स्फटिकात अणू ओळीने रचलेले असतात. दोन ओळींतील अंतर क्ष-किरणांनी मोजले की एका अणूच्या वाट्याला किती जागा येते ते कळते. गोळ्याच्या आकारमानाला तेवढ्या जागेने भागले की अणूंची संख्या मिळते. अखेरीस २० मे २०१९ पासून ही संख्या ६०२२१४०७६ या आकड्यापुढे १५ शून्ये अशी कायमची ठरविण्यात आली. आपल्या कामाला ६०२२ वर २० शून्ये एवढी पुरे आहे.

आता खडूकडे वळू. एक रेघ ओढून खडूचे वजन किती घटले हे पाहू गेल्यास फसगत होते, कारण ती घट काही मिलिग्रॅमच असते आणि काट्याची चूकही जवळपास तेवढीच असू शकते. म्हणून एकसारख्या दहा रेघा ओढाव्यात. फळ्याच्या खाली एक कागद अंथरावा. रेघ ओढताना खडूची काही पूड फळ्याला न चिकटता खाली गळते, ती त्यावर पडेल. खडू कोरड्या बोटांनी धरावा, कारण हाताचा घाम खडू शोषून घेतो व त्याचे वजन वाढवितो. काटा पंख्याच्या वाऱ्यात ठेवू नये. घरातील पीठ-साखर तोलण्याचा काटा येथे उपयोगी नाही. मिलिग्रॅम दाखविणारा काटाच हवा.

समजा, आरंभी खडूचे वजन ६.४८२ ग्रॅम होते आणि दहा रेघा ओढल्यावर ते ६.३९० ग्रॅम भरले. घट झाली ९२ मिलिग्रॅम. कागदावर पडलेल्या पुडीचे वजन ६ मिलिग्रॅम निघाले, ते वजा केले. म्हणजे फळ्यावर ८६ मिलिग्रॅम खडू राहिला आणि एका रेघेच्या वाट्याला ८.६ मिलिग्रॅम आला.

येथेच ती फसण्याची जागा आहे. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असे आपण शाळेत शिकतो. डोंगरातून खणून काढलेला नैसर्गिक खडू खरोखरच तसा असतो. परंतु वर्गातील पांढरी कांडी बहुधा वेगळ्याच द्रव्याची असते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून साच्यात ओततात. ते पाणी घेऊन घट्ट होते व त्याचे जिप्सम बनते. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बांधलेले असतात. हातातील खडू कोणता हे ओळखावयाचे असल्यास त्याची थोडी पूड बशीत घेऊन तीवर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. बुडबुडे फसफसून आले तर त्यात कार्बोनेट आहे. पूड नुसतीच भिजली तर ते जिप्सम समजावे. काही खडूंत दोन्हींचे मिश्रण असते. असा खडू थोडासाच फसफसतो आणि नुसत्या वजनावरून त्याची नेमकी गणती करता येत नाही.

आपला खडू फसफसला नाही असे धरू. जिप्समच्या एका एककात कॅल्शियमचा एक, गंधकाचा एक, ऑक्सिजनचे सहा आणि हायड्रोजनचे चार असे बारा अणू असतात. त्यांच्या भारांची बेरीज करा: कॅल्शियमचे ४०, गंधकाचे ३२, ऑक्सिजनचे सहा वेळा १६ म्हणजे ९६, आणि हायड्रोजनचे ४. एकूण झाले १७२. याचाच अर्थ १७२ ग्रॅम जिप्सम म्हणजे एक मोल. आपल्या रेघेत ०.००८६ ग्रॅम आहे. त्याला १७२ ने भागले की ०.००००५ मोल येतात, म्हणजे एका मोलाचा वीस हजारावा भाग. आव्होगाद्रोच्या संख्येला वीस हजारांनी भागल्यास ३ वर १९ शून्ये इतकी एकके मिळतात. प्रत्येकात बारा अणू, म्हणून रेघेतील अणू ३६ वर १९ शून्ये.

या एककांना ‘रेणू’ म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. जिप्सममध्ये कॅल्शियम व सल्फेट हे विद्युत्‌भारित कण एकमेकांना धरून सलग जाळे करून असतात. सुटा असा जिप्समचा रेणू दाखविता येत नाही. रेघेत खरे रेणू आहेत ते पाण्याचे, आणि त्यांची संख्या ६ वर १९ शून्ये आहे. कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या त्या खडूच्या वजनाचा पाचवा भाग पाण्याचाच असतो!

आता तीच रेघ कॅल्शियम कार्बोनेटची आहे असे चुकून धरले असते तर काय झाले असते ते पाहा. त्याच्या एका एककात पाचच अणू असतात आणि त्याचा भार १०० आहे. त्याच ८.६ मिलिग्रॅमसाठी अणूंची संख्या सुमारे २६ वर १९ शून्ये आली असती. म्हणजे चार अणूंमागे एकाहून अधिक अणू हिशेबातून निसटला असता. काटा बरोबर, भागाकार बरोबर, आव्होगाद्रोची संख्याही बरोबर. तरी उत्तर मात्र चूक. वजन सांगणे काट्याचे काम आहे. ते वजन कशाचे हे ठरविणे आपल्याकडे असते, आणि ते व्हिनेगरच्या थेंबाने ठरते.

उत्तर किती आकड्यांपर्यंत सांगावे, हाही प्रश्न आहे. काटा एखाद्या मिलिग्रॅमने चुकू शकतो. आपण तीन वेळा तोलले, म्हणून ८६ मिलिग्रॅममध्ये दोन-तीन मिलिग्रॅमचा फरक सहज पडेल. शिवाय दहाही रेघा अगदी सारख्या नसतात. म्हणून ‘सुमारे ३६ वर १९ शून्ये’ एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल. त्यापुढचे आकडे लिहिले तर ते केवळ कागदावरचे.

ही संख्या केवढी मोठी आहे? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यास्थानांची यादी परार्धापाशी संपते, परार्ध म्हणजे एकावर १७ शून्ये. आपल्या एका रेघेत असे ३,६०० परार्ध अणू आहेत. पृथ्वीवरील आठशे कोटी माणसांनी दर सेकंदाला प्रत्येकी एक याप्रमाणे अहोरात्र मोजणी केली, तरी ती संपावयास सुमारे चौदाशे वर्षे लागतील.

आता ओल्या फडक्याने ती रेघ पुसून टाका. फळा स्वच्छ दिसू लागेल. पण रेघेचा दहा लाखावा भाग जरी लाकडाच्या खाचांत राहिला असला, तरी त्यात ३६ वर १३ शून्ये, म्हणजे साडेतीन कोटी कोटींहून अधिक अणू असतील. आपल्या नजरेला तेथे काहीही नसेल.