दोन ओळींचा अर्ज आणि दोनशे अँपियरचा स्विच

आमच्या सोसायटीत इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी पहिला अर्ज आला तेव्हा मी सचिव होतो. अर्ज दोन ओळींचा होता. 'मी नवीन इलेक्ट्रिक कार घेतली आहे. तरी माझ्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.' खाली सही, फ्लॅट नंबर, तारीख. कमिटीत दीड तास चर्चा झाली. एकाने बॅटरी पेटल्याचा व्हिडिओ दाखवला, एकाने पर्यावरणावर भाषण केलं आणि शेवटी 'पुढच्या सभेत बघू' असं ठरलं. आज मागे वळून पाहताना वाटतं, कमिटी नाही म्हणाली नव्हती. अर्जात हो म्हणण्यासारखं काहीच नव्हतं.

खरं तर कायद्याची बाजू अर्जदाराकडे झुकलेली आहे. घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत 2022पासून स्पष्ट आहे. फेब्रुवारी 2024च्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीनंतर चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. पण केबल जाते ती सामाईक भिंतीवरून, आणि स्टिल्ट पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्येच सांगितलं आहे. ती जागा सोसायटीची, सभासदाला दिलेली. म्हणून विचारणं आलंच.

पुढच्या सभेआधी मी अर्जदाराला घरी बोलावलं. "काका, गाडी दिवसाला किती चालते?" त्याने सांगितलं, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. शहरात अशी गाडी एका युनिटमध्ये साधारण साडेसहा किलोमीटर जाते. म्हणजे बॅटरीत रोज सहा-सव्वासहा युनिट जायला हवीत आणि चार्जिंगमधली घट धरून मीटरवर सात. डीलरने त्याला 7.4 किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर सुचवला होता. तो ही सात युनिट तासाभरात भरतो. गाडीबरोबर मिळालेला साधा 3.3 किलोवॉटचा चार्जर तेच काम सव्वादोन तासांच्या आत करतो. रात्री गाडी दहा तास उभी असते. तासाभरात चार्ज करून उरलेले नऊ तास तिने काय करायचं?

हा फरक चैनीचा वाटतो, पण सगळं गणित इथेच फिरतं. त्याच्या फ्लॅटचा मंजूर भार 4 किलोवॉट होता. त्यात 3.3 मिळवले की 7.3 होतात आणि सिंगल फेजमध्ये भागतं. 7.4 मिळवले तर अकराच्या पुढे जातो. सिंगल फेजची जोडणी साधारण 40 अँपियरपर्यंतच चालते, त्यामुळे थ्री फेज मीटर घ्यावा लागतो, घरातलं वायरिंग तीन फेजांत वाटावं लागतं आणि दरमहाचा स्थिर आकारही वाढतो. त्याने मोठ्या चार्जरचा नाद सोडला.

कमिटीचा खरा प्रश्न मात्र एका गाडीचा नव्हता, दहाव्या गाडीचा होता. आज एकाला हो म्हटलं की उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? चाळीस फ्लॅटच्या इमारतीत दहा गाड्या रात्री एकदम लागल्या तर काय होईल, हे कोणालाच सांगता येईना. मंजूर भारांची बेरीज करून उपयोग नसतो. चाळीस घरं एकाच क्षणी गिझर, मिक्सर आणि एसी चालवत नाहीत. जे प्रत्यक्ष वाहतं तेच मोजायला हवं.

म्हणून मे महिन्यात, एसी जोरात असताना, लायसनधारक वायरमनला बोलावलं. मीटर रूममध्ये मेन स्विचच्या मागच्या तीन जाड केबलींवर त्याने क्लॅम्प मीटर लावला. चिमट्यासारखं हे यंत्र केबल न सोडवता आतला प्रवाह दाखवतं. आठवडाभर रात्री साडेनऊ ते अकरा नोंदी घेतल्या. सगळ्यात मोठे आकडे असे निघाले: आर फेजवर 104 अँपियर, वाय फेजवर 131, बी फेजवर 92. मेन स्विच 200 अँपियरचा. हीच मोजणी डिसेंबरात केली असती तर सगळं छान दिसलं असतं आणि पुढच्या उन्हाळ्यात फजिती झाली असती.

3.3 किलोवॉटचा एक चार्जर साधारण साडेचौदा अँपियर घेतो, आणि तोही एकाच फेजवरून. दहा गाड्या योगायोगाने वाय फेजवरच आल्या तर 131 अधिक 145, म्हणजे 276. मेन उडणार, लिफ्ट अडकणार आणि सगळी इमारत गाडीवाल्याला शिव्या देणार. त्याच दहा गाड्या आर आणि बीवर चार-चार, वायवर दोन अशा वाटल्या तर आकडे होतात 162, 160 आणि 150. तासन् तास चालणाऱ्या भारासाठी स्विचच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबावं, असा वायरमनचा आडाखा. तो इथे जेमतेम पाळला जातो. दहाही चार्जर 7.4 किलोवॉटचे असते तर प्रत्येकी 32 अँपियर धरून आर फेज 232वर गेला असता. कितीही वाटणी केली तरी ते बसत नाही.

यातून कमिटीला पहिल्यांदाच भांडण न होता एक नियम सापडला: एका सभासदाला 3.3 किलोवॉट, फेज सोसायटी ठरवणार, आणि गाडीतल्या टायमरने चार्जिंग रात्री एकनंतर. आमच्या अर्जदाराचा मीटर नेमका वायवर होता. मीटरला सील असतं, तिथे खासगी वायरमनने हात लावायचा नसतो. फेज बदलण्याचं आणि भारवाढीचं काम महावितरणकडे अर्ज करूनच झालं.

वीज कुठून घ्यायची यावरही बरीच खडाजंगी झाली. लिफ्ट आणि पंपाचा सामाईक मीटर पार्किंगच्या जवळ होता. तिथून सबमीटर लावून घ्यायचं म्हटलं तर केबल वाचत होती. खजिनदार म्हणाले, "सामाईक बिलाला एकूण युनिटांनी भागू, जो दर निघेल तो लावू." इथे फसगत आहे. घरगुती दर टप्प्यांचे असतात: शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. सामाईक मीटर लिफ्ट-पंपानेच पाचशे ओलांडून बसलेला असतो. गाडीचं प्रत्येक युनिट त्याच्या डोक्यावर, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यात पडतं. सरासरी दराने पैसे घेतले की फरक बाकीचे एकोणचाळीस जण भरतात. सबमीटर लावायचाच असेल तर वसुली वरच्या टप्प्याच्या दराने हवी.

आम्ही सभासदाच्या स्वतःच्या मीटरवरून घेतलं. त्याचा घरचा वापर महिन्याला 220 युनिट, गाडीची त्यात 180 पडली. 2024-25च्या दरांनी वहन आकार धरून दुसरा टप्पा साधारण साडेअकरा रुपयांचा आणि तिसरा पावणेसोळाचा होता. गाडीची पहिली 80 युनिट दुसऱ्या टप्प्यात, उरलेली 100 तिसऱ्यात. वीज शुल्कासकट महिन्याला सुमारे 2900 रुपये आणि हजारभर किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला पावणेतीन रुपयांच्या आसपास. दर आयोगाच्या आदेशाने बदलत राहतात, तेव्हा हिशोब ताज्या बिलावरून करावा. महिन्याची धाव याहून बरीच जास्त असेल तर चार्जिंगची वेगळी जोडणी तपासून पाहावी. तिथे घरगुती टप्पे लागत नाहीत, पण दुसरा स्थिर आकार मात्र येतो.

केबलचं अंतर 45 मीटर भरलं. वायरमनने 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची, तीन गाभ्यांची आर्मर्ड केबल घेतली. 4 चौरस मिलिमीटरचीही चालली असती, पण तिच्यात सहा व्होल्ट गळतात, हिच्यात चार. कोटेशन असं होतं: केबल 15,750, पेटी आणि सुरक्षा स्विच 6,000, वेगळं अर्थिंग 6,000, पाइप आणि मजुरी 8,000. एकूण 35,750, महावितरणचे पैसे वेगळे. सगळा खर्च सभासदाचा.

अर्थिंगचे सहा हजार वाचवायला पाहणारे भेटतात. जमिनीचं अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो. मग कोणीतरी 'हुशार' माणूस सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश. पुढे कधी न्यूट्रलची तार सुटली की गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. सोसायटीने चाचणी अहवाल मागायचा तो यासाठी: अर्थिंगची मोजणी, तीस मिलिअँपियर गळतीला तुटणारा सुरक्षा स्विच आणि लायसनधारकाची सही. हा स्विच 'ए' प्रकारचा हवा. घरात सर्रास बसवला जाणारा 'एसी' प्रकार गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून होणारी काही गळती ओळखत नाही.

दुसरा दोष नाकाला कळतो. एसीसाठीचा साधा सॉकेट थांबून-थांबून चालणाऱ्या भाराला पुरतो. रोज सलग दोन तास साडेचौदा अँपियर वाहिले की आतला ढिला स्क्रू तापतो, प्लगची पिन तपकिरी पडते आणि प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. तासाभराच्या चार्जिंगनंतर प्लग बाहेरून हाताला चटका देत असेल तर त्या दिवशीच बंद करायचं. म्हणून आम्ही औद्योगिक प्रकारचा झाकणाचा सॉकेट घेतला आणि तोडण्याचा स्विच वॉचमनच्या केबिनजवळ ठेवला. गाडीत काही झालं तर निदान वीज तरी कुणालाही तोडता यावी.

दुसरा अर्ज एका पानाचा झाला. त्यात पार्किंग क्रमांक, चार्जरची क्षमता, सध्याचा आणि मागितलेला मंजूर भार, मीटरचा फेज, केबलचा मार्ग आणि जाडी, ठेकेदाराचा लायसन क्रमांक आणि कोटेशन होतं. शेवटी तीन वाक्यं होती: खर्च माझा, फ्लॅट विकला किंवा पार्किंग बदललं तर केबल काढून भिंत पूर्ववत करून देईन, पुढे सोसायटीने सर्वांसाठी सामाईक व्यवस्था केली तर त्यात येईन. विषय पाऊण तासात संपला आणि इतिवृत्तात नोंदला गेला. त्यातला अर्धा तास चहाची वाट बघण्यात गेला.

तेव्हापासून सचिवाच्या कपाटात एक वही आहे. तिच्यात आर, वाय, बी असे तीन रकाने आहेत. बीमध्ये दोन फ्लॅट लिहिलेत, आरमध्ये एक. वायचा रकाना अजून कोरा आहे. गेल्या आठवड्यात सातव्या मजल्यावरून फोन आला, "आमचा मीटर कुठल्या फेजवर आहे हो?"