तोंड आलं की तारीख लिहून ठेवा

माझ्या धाकट्या बहिणीचं तोंड दर दोन-तीन महिन्यांनी येतं. ओठाच्या आत, गालाला किंवा जिभेच्या कडेला मसुरीच्या दाण्याएवढी जखम, मधे पिवळट, भोवती लाल कडा. चार दिवस वरण-भातही झोंबतो. घरात सगळे ‘पोटातली उष्णता’ म्हणून मोकळे होतात. खरं तर दाताखाली गाल येणं, जागरण, परीक्षेचा ताण यांनीही तोंड येतं. वारंवार येत असेल तर रक्तातलं लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ तपासून घ्यावं. तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं. त्याआधी वर्षभर ती मनानेच ‘बी-कॉम्प्लेक्स’ खात होती, त्यात लोह नव्हतंच!

अशी जखम सात ते चौदा दिवसांत आपोआप भरते. तोवर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. डॉक्टरांनी मलम दिलं तर ते रात्री झोपताना अलगद ठेवावं, चोळू नये. लिंबू, चिंच, तिखट रस्सा, वाफाळता चहा, कडक टोस्ट आणि पापड टाळावेत. इफ्तारच्या दस्तरखानावर कुरकुरीत भजी बाजूला ठेवून दही-भात किंवा थंड फिरनी घेतली तर बरं पडतं. ब्रश मऊ असावा. टूथपेस्टच्या फेसानेही काहींना त्रास होतो, म्हणून पेस्ट बदलून पाहावी. तुरटी किंवा चुना मात्र जखमेवर लावू नये.

बहिणीच्या या सवयीमुळेच आम्ही मामूंच्या बाबतीत फसलो. पनवेलला राहणारे मामू बरीच वर्षं तंबाखू-चुना खात. जिभेच्या उजव्या कडेला, तुटक्या दाढेजवळ त्यांना जखम झाली. “दुखत नाही, मग काय बघायचं?” असं ते म्हणत. बहिणीची जखम दुखायची, जागा बदलायची, भरायची. मामूंची तिथेच राहिली आणि कडा बोटाला कडक लागू लागल्या. कर्करोगाची जखम सुरुवातीला अनेकदा दुखत नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

दीड महिन्याने दंतवैद्यांनी दाढेची धार घासून दिली आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. धारेमुळे झाली असती तर एवढ्यात भरली असती. भरली नाही, म्हणून लगेच तुकडा काढून तपासायला पाठवला. तो कर्करोगच होता, पण लहान. गळ्यातल्या गाठींपर्यंत गेला नव्हता, शस्त्रक्रियेवर भागलं.

दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गळ्यात गाठ, तोंड पूर्वीएवढं न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर तंबाखू न खाणाऱ्यानेही दंतवैद्याला किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. पुढच्या तपासणीसाठी नवी मुंबईकरांना खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक जवळच आहे.

आता कुणाचं तोंड आलं की अम्मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारीख आणि जागा लिहितात: ‘१२, डावा गाल.’ पंधरा दिवसांनी त्या स्वतःच टॉर्च घेऊन बघायला येतात.