सोलर की गीझर? आधी बादल्या मोजा

दिवाळी जवळ आली, पहाटेचे पाणी हाताला गार लागू लागले की स्वतंत्र घरात राहणाऱ्या अनेक कुटुंबांत एक जुना विषय पुन्हा निघतो. यंदा गच्चीवर सोलर बसवायचा की बाथरूममधला गीझरच चालू ठेवायचा? दुकानदार म्हणतो, सोलरचे पाणी फुकट. शेजारचे काका म्हणतात, पावसाळ्यात ते गारच. दोघांचेही खरे आहे. म्हणूनच निर्णय ऐकीव माहितीवर न सोडता घरातल्या बादल्यांवर सोडावा.

पाणी तापवायला किती ऊर्जा लागते, हे उपकरणावर अवलंबून नसते. विजेच्या एका युनिटमध्ये साधारण ८६ लिटर पाणी १० अंशांनी तापते. नाशिकमधल्या पाच जणांच्या एका कुटुंबाचा विचार करू. प्रत्येकाला आंघोळीला २० लिटरची एक बादली, म्हणजे एकूण १०० लिटर पाणी लागते. थंडीत टाकीतले पाणी २० अंश असेल आणि आंघोळीला ४० अंश हवे असेल, तर सव्वादोन युनिटच्या थोडी वर वीज लागेल. गीझरच्या टाकीतून आणि पाइपमधून वाया जाणारी उष्णता धरून ती अडीच युनिट समजू. सर्व आकार धरून युनिटला १० रुपये पडत असतील, तर रोजचा खर्च झाला २५ रुपये.

आता सोलर यातले किती वाचवतो ते पाहू. एप्रिल-मेमध्ये त्याचे पाणी सर्वांत जास्त तापते, पण तेव्हा घरात गरम पाणी फारसे कोणी घेत नाही. त्यामुळे उन्हाळ्यातली 'बचत' हिशेबात धरू नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे त्याचे खरे दिवस. देशावर तेव्हा आकाश निरभ्र असते आणि गरज सर्वाधिक असते. या १५० दिवसांत अडीच युनिटप्रमाणे ३७५ युनिट वाचतात. पावसाळ्यात सोलर काही दिवस पाणी कोमट करतो, काही दिवस काहीच करत नाही. त्या साऱ्या मोसमाचे मिळून १०० युनिट धरले, तर वर्षाची बचत पावणेपाच हजार रुपयांच्या आसपास जाते. प्लंबिंगसह ३० हजार रुपये खर्च आला असेल, तर तो सहा ते सात वर्षांत भरून निघतो. पावसाळ्यासाठी गीझर लागणारच असल्याने हा खर्च गीझरच्या बदल्यात नसून त्याच्या जोडीला आहे, हे लक्षात ठेवावे.

हेच गणित दोघेच राहत असलेल्या ज्येष्ठ जोडप्यासाठी करा. रोज दोन बादल्यांना एक युनिट, म्हणजे वर्षाची बचत दोन हजारांच्या आत. यंत्रणा थोडी लहान घेतली तरी पैसे वसूल व्हायला बारा-पंधरा वर्षे जातील. त्यांना चांगला गीझर पुरे. उलट घरात सात-आठ माणसे असतील, शॉवर वापरला जात असेल, भांड्यांनाही गरम पाणी लागत असेल, तर वापर दुप्पट होतो आणि वसुलीचा काळ तीन-चार वर्षांवर येतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळा लांबतो, थंडीही सौम्य असते. तिथे सोलरच्या बाजूचे पारडे हलके होते.

सोलर घ्यायचे ठरले, तर टाकी किती लिटरची घ्यावी? पाच माणसे म्हणून २०० लिटरची टाकी सुचवली जाते. पण सोलरमधले ५५-६० अंशांचे पाणी कोणी तसेच अंगावर घेत नाही, त्यात गार पाणी मिसळते. १०० लिटर गरम पाण्यातून आंघोळीचे १७५ ते २०० लिटर पाणी तयार होते. बादलीने आंघोळ करणाऱ्या पाच जणांना १०० लिटरची टाकी पुरते.

मोठ्या टाकीचा खरा तोटा बॅकअपमध्ये दिसतो. ढगाळ दिवसांसाठी टाकीतच विजेची कॉइल बसवून देतात. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेताना ती आठ युनिट वीज घेते, तर त्या दिवसाची गरज असते दोन-अडीच युनिटांची. रात्री बटण चालू राहिले की अख्खी टाकी तापते, म्हणजे पाच जणांसाठी वीसेक जणांचे पाणी. 'सोलर असूनही बिल वाढले' या तक्रारीमागे बहुतेकदा हे विसरलेले बटण असते. त्याऐवजी बाथरूममध्ये लहान गीझर ठेवावा आणि पावसाळ्यात तेवढाच वापरावा.

गच्चीपासून बाथरूमचे अंतरही मोजून घ्यावे. पाइप २० मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि १५ मीटर लांब असेल, तर त्यात पावणेपाच लिटर पाणी मावते. तेवढे गार पाणी गेल्यावरच गरम येते. पाच जणांनी दोन-दोन तासांच्या अंतराने आंघोळ केली तर रोज बादलीभराहून जास्त पाणी वाया जाते. एकापाठोपाठ केली तर हे नुकसान एकदाच होते. म्हणून बाथरूमच्या वरच टाकी बसेल असे पाहावे आणि गरम पाण्याच्या पाइपवर उष्णतारोधक आवरण घालून घ्यावे. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, नाहीतर तिच्यात पाणी पूर्ण चढत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. बोअरचे पाणी जड असेल, तर तापताना त्यातले क्षार बाहेर पडून काचेच्या नळ्यांत साचतात. चहाच्या किंवा पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर बसत असेल, तर सोलरमध्येही तो बसणार. पाणी पूर्वीइतके तापत नाही, ही पहिली खूण. दरवर्षी नळ्या साफ कराव्या लागतात. ते काम सकाळी लवकर करावे, कारण भर दुपारी तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेले की ती तडकते. नळीच्या खालच्या टोकाचे टोपण काढून पाहा. आतली चंदेरी चकाकी पांढरट झाली असेल, तर नळीतला निर्वात संपला आहे, ती बदलावी लागेल. जड पाण्याचा त्रास गीझरलाही होतो. त्याच्या कॉइलवर थर चढला की ती जास्त तापते आणि लवकर जळते.

शेवटी जपायची गोष्ट. गीझरला थर्मोस्टॅट असतो, साध्या सोलरला नसतो. सलग कडक ऊन पडले की त्याचे पाणी ७० अंशांच्या पुढे जाते, आणि ६० अंशांचे पाणीही पाच-सहा सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. लहान मुले आणि वृद्ध असतील त्या घरात बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, हा नियम पाळावा. गीझरच्या बाबतीत अर्थिंग तपासून घ्यावे आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा.

दुकानात जाण्यापूर्वी आठवडाभर घरातल्या गरम पाण्याच्या बादल्या कागदावर मांडा. आकडा रोज दोन-तीन बादल्यांवर थांबला, तर गीझर. सहाच्या पुढे गेला आणि पाणी जड नसेल, तर सोलर आणि जोडीला लहान गीझर. चार-पाच बादल्यांच्या घरांनी मात्र पाइपची लांबी आणि भांड्यावरचा पांढरा थर पाहून ठरवावे.