एक्स-रे स्वच्छ, तरी खोकला

दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला की आपल्याकडे आधी क्षयाची शंका घेतात, आणि ते योग्यच आहे. थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे व्हायलाच हवा. थुंकीतून रक्त पडत असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा दम लागत असेल, तर एक दिवसही वाया घालवू नये. पण पुष्कळांचे सगळे रिपोर्ट चांगले येतात आणि ढास मात्र थांबत नाही. मोठ्या माणसाचा खोकला 8 आठवड्यांच्या पुढे गेला की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. अशा वेळी एकामागून एक कफ सिरप पिण्यापेक्षा छातीच्या बाहेर शोध घेणं शहाणपणाचं असतं.

खोकल्याचा संदेश मेंदूकडे नेणारी मुख्य नस म्हणजे व्हेगस. तिच्या शाखा श्वासनलिकेत असतात, तशाच स्वरयंत्रात, अन्ननलिकेत आणि कानाच्या नळीतही असतात. कान साफ करताना काहींना ठसका लागतो तो त्यामुळेच. यांपैकी कुठेही चुरचुर झाली तरी मेंदूकडून हुकूम सुटतो तो खोकण्याचाच. 1981 साली अमेरिकेतले डॉ. रिचर्ड आयर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नसेच्या वाटेने एकेक जागा तपासत जुनाट खोकल्याची कारणं शोधली. दमा, नाकामागून घशात उतरणारा स्राव आणि पोटातून वर येणारं आम्ल ही त्यातली नेहमीची. पहिलं कारण छातीतलंच, बाकीची दोन बाहेरची.

समजा, एक 52 वर्षांच्या शिक्षिका आहेत. चार महिन्यांपासून कोरडा खोकला, रिपोर्ट सगळे स्वच्छ, दम्याचीही खूण नाही. डॉक्टरांनी आधी विचारावं ते त्यांच्या गोळ्यांबद्दल. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल घेणाऱ्या काही जणांना कोरडा खोकला होतो, तोही कधी कधी गोळी सुरू करून कित्येक महिने उलटल्यावर. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की तो बहुधा महिन्याभरात जातो, क्वचित तीन महिनेही लागतात. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नये. या बाईंची गोळी वेगळी होती, म्हणून पुढे नाकाकडे वळावं लागलं.

सकाळी उठल्यावर त्यांना सारखं खाकरावं लागतं, घशामागे काहीतरी ओघळल्यासारखं वाटतं, पाठोपाठ शिंका येतात. ही लक्षणं ॲलर्जीची. त्यांना नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे दिला. तो दोन दिवसांत गुण देत नाही, दोन-तीन आठवडे रोज घ्यावा लागतो. शिवाय मारायचीही पद्धत आहे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, नळी मधल्या पडद्याकडे न वळवता किंचित बाहेरच्या बाजूला धरून. पडद्यावरच फवारा बसत राहिला तर नाकातून रक्त येतं आणि लोक औषधच सोडून देतात.

महिन्याभरात बाईंचा खोकला निम्म्यावर आला आणि तिथेच अडला. इथे फार जण चुकतात. औषध लागू पडलं नाही असं समजून ते बंद करतात. खरं तर बऱ्याच जणांत दोन कारणं एकत्र असतात, आणि दुसरं हाताळताना पहिल्याचं औषध चालू ठेवावं लागतं.

उरलेली उबळ जेवणानंतर आणि वाकल्यावर येत होती, बोलताना आवाज बसत होता. रात्रीचं जेवण दहाला, झोप साडेदहाला. छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी असं काही त्यांना नव्हतं, म्हणून पित्ताचा विचार कुणी केला नव्हता. पण जळजळ नसतानाही आम्ल वर येऊ शकतं. ते स्वरयंत्रापर्यंत पोचलं तर तिथला भाग चिडतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लागलं, तरी तिथल्या नसेमार्फत खोकला सुरू होतो. त्यात खोकताना पोटावर दाब येऊन आम्ल आणखी वर ढकललं जातं.

अशा वेळी नुसत्या पित्ताच्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नये. जळजळ नसलेल्यांच्या खोकल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण गोळी आम्लाची तीव्रता कमी करते, वर येणं थांबवत नाही. बाईंनी जेवण साडेसातला आणलं, म्हणजे झोपेपर्यंत तीन तास मिळाले. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 6 इंचांचे ठोकळे ठेवले. जास्तीच्या उशा घेऊन हे साधत नाही, त्याने कमरेत वाकून पोट उलट दाबलं जातं. फरक पडायला तिसरा महिना उजाडला.

एवढं करूनही फोडणीचा वास, थंड हवा किंवा मोठ्याने हसणं याने त्यांना अधूनमधून ढास लागतेच. महिनोन्महिने चिडलेली नस जरा जास्तच हळवी होऊन बसते. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ साधे सराव शिकवतात. घशात खवखव सुरू होताच न खाकरता आवंढा गिळायचा किंवा पाण्याचा घोट घ्यायचा, ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, आणि उबळ ओसरेपर्यंत बोलणं थांबवायचं.