एक समभाग, दोन बाजार आणि मधली वाट

१३ एप्रिल २०२३ हा गुरुवार होता. मुंबईचा शेअर बाजार दुपारी साडेतीनला बंद झाला आणि त्यानंतर इन्फोसिसने आपले तिमाही निकाल जाहीर केले. पुढच्या वर्षी उत्पन्न फक्त ४ ते ७ टक्के वाढेल, असा कंपनीचा अंदाज होता. बाजाराची अपेक्षा याहून बरीच जास्त होती. शुक्रवारी डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि नंतर शनिवार-रविवार, म्हणजे मुंबईतल्या गुंतवणूकदाराला सोमवारपर्यंत काहीच करता येणार नव्हते. न्यूयॉर्कचा बाजार मात्र त्याच गुरुवारी, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सात वाजता उघडला आणि तिथे इन्फोसिसचा भाव जोरात घसरला. शुक्रवारीही तिथे व्यवहार झाले. सोमवारी मुंबईत पहिला सौदा होईपर्यंत ही बातमी किती महागात पडणार, हे दुसऱ्या खंडात ठरून गेले होते. त्या दिवशी मुंबईत हा समभाग नऊ टक्क्यांहून अधिक घसरून बंद झाला.

कंपनी एकच, नफा-तोटा एकच आणि भागधारकाचा हक्कही एकच. मग तो दोन देशांत, दोन चलनांत, वेगवेगळ्या वेळी विकला जातो तो कसा? शिवाय दोन ठिकाणचे भाव एकमेकांना धरून राहतात, ते कोणामुळे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इन्फोसिसचा समभाग न्यूयॉर्कला जात नाही. तो भारतातल्या डीमॅट खात्यात रुपयांत राहतो. काही देशांत मात्र समभाग खरोखरच सरहद्द ओलांडतो. रॉयल बँक ऑफ कॅनडाचा समभाग टोरोंटोत घेतला, तर तोच न्यूयॉर्कमध्ये विकता येतो. दोन्ही देशांच्या डिपॉझिटरी आपापसांत नोंद फिरवतात आणि काम होते. खऱ्या अर्थाने दुहेरी नोंदणी ती हीच. भारतात रुपयावर भांडवली व्यवहारांची बंधने आहेत आणि परकीय गुंतवणुकीला मर्यादा आहेत, त्यामुळे हा सरळ रस्ता खुला नव्हता. म्हणून आपल्या कंपन्यांनी वापरला तो पावतीचा मार्ग. त्या पावतीचे नाव अमेरिकन डिपॉझिटरी रिसीट, बाजाराच्या भाषेत एडीआर.

ही युक्ती जुनी आहे. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅरंटी ट्रस्ट बँकेने लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानाच्या समभागांवर पहिली एडीआर काढली. शेतकरी वखारीत सोयाबीन ठेवतो, पावती घेतो आणि तीच पावती बँकेत तारण ठेवतो किंवा दुसऱ्याला देतो. माल जागचा हलत नाही, मालकी हलते. एडीआरचे तत्त्व हेच आहे.

इन्फोसिसच्या बाबतीत वखारीचे काम दोघे मिळून करतात. मुंबईत कस्टोडियन बँक असते. प्रत्यक्ष समभाग तिच्याकडे डीमॅट स्वरूपात अडकवून ठेवलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये डिपॉझिटरी बँक असते. इन्फोसिससाठी हे काम डॉइश बँकेची अमेरिकन ट्रस्ट कंपनी वर्षानुवर्षे करत आली आहे. मुंबईत जितके समभाग जमा, तितक्याच पावत्या न्यूयॉर्कमध्ये, हा या साऱ्या रचनेचा कणा. कंपनीच्या वार्षिक अहवालातली मोठ्या भागधारकांची यादी उघडली, तर या डिपॉझिटरी बँकेचे नाव अगदी वर दिसते. ती गुंतवणूकदार नव्हे. तिच्या नावामागे अमेरिकेतले हजारो पावतीधारक उभे असतात. लाभांश रुपयांत जाहीर होतो, कस्टोडियनकडे येतो, डॉलरमध्ये बदलला जातो आणि बँकेचे शुल्क वजा होऊन त्यांच्या हाती पडतो. मतदानसुद्धा बँकेमार्फतच होते.

मार्च १९९९ मध्ये इन्फोसिस नॅसडॅकवर गेली. भारतात नोंदलेली कोणतीही कंपनी त्याआधी तिथे पोहोचली नव्हती. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या या कंपनीने ३४ डॉलरला एक याप्रमाणे सुमारे २० लाख ७० हजार पावत्या विकून ७ कोटी डॉलर उभे केले. तेव्हा एका पावतीमागे अर्धा समभाग होता. २००४ च्या बोनसनंतर हे प्रमाण एकास एक झाले. अमेरिकेत थेट जनतेकडून पैसा घ्यायचा म्हटल्यावर तिथल्या रोखे आयोगाकडे नोंदणी, दरवर्षी सविस्तर अहवाल आणि त्यांच्या पद्धतीने हिशेब, हे सगळे आलेच. इन्फोसिसने ते मनापासून केले. भारतीय कंपनीचे हिशेब इतके उघडे असू शकतात, हे त्यातून जगाला दिसले आणि माझ्या मते त्या ७ कोटी डॉलरपेक्षा हीच कमाई मोठी होती.

पण लवकरच एक विचित्र गोष्ट दिसू लागली. तंत्रज्ञान कंपन्यांच्या तेजीत इन्फोसिसचा न्यूयॉर्कमधला भाव मुंबईच्या दीडपटीवर जाऊ लागला, कधी त्याहूनही वर. पुस्तकी अर्थशास्त्र सांगते की असे होऊ नये. कोणीतरी मुंबईत स्वस्तात घेईल, न्यूयॉर्कला महागात विकेल आणि फरक मिटेल. इथे तसे झाले नाही, कारण वाट एकेरी होती. पावती मोडून मुंबईतले समभाग सोडवून घेता येत होते, पण मुंबईत समभाग विकत घेऊन त्यांच्या नव्या पावत्या करता येत नव्हत्या. अमेरिकेत मागणी वाढत राहिली आणि पावत्यांची संख्या तीच राहिली.

फेब्रुवारी २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेने उलटी वाट उघडली, पण अर्धीच. सेबीकडे नोंदलेला दलाल परदेशी गुंतवणूकदारासाठी भारतात समभाग विकत घेऊ शकतो, ते कस्टोडियनकडे जमा करू शकतो आणि त्यांच्या बदल्यात पावत्या निघू शकतात. अट एकच. पूर्वी जितक्या पावत्या मोडल्या गेल्या असतील, तितक्याच पुन्हा काढता येतील. या शिल्लक जागेला बाजारात हेडरूम म्हणतात. समजा, कंपनीने मूळ एक कोटी पावत्या काढल्या आणि त्यांतल्या दहा लाख लोकांनी मोडल्या, तर हेडरूम दहा लाखांची. कोणी मोडल्याच नाहीत, तर शून्य.

भाव खाली-वर होतात तेव्हा ही यंत्रणा कशी वागते, हे एका कल्पित हिशेबाने पाहू. मुंबईत भाव १,५०० रुपये आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर न्यूयॉर्कमध्ये पावती १७ डॉलर ६५ सेंटला असायला हवी. समजा ती १७ डॉलरला मिळते आहे. अशा वेळी व्यापारी न्यूयॉर्कमध्ये पावत्या घेतो आणि मुंबईचा बाजार उघडताच तिथे इन्फोसिसचे फ्यूचर विकून भाव पक्का करतो. मग तो पावत्या डिपॉझिटरी बँकेकडे परत देतो. बँक त्या रद्द करते आणि मुंबईच्या कस्टोडियनला निरोप धाडते. समभाग व्यापाऱ्याच्या भारतातल्या डीमॅट खात्यात येतात आणि तो ते विकतो. पावतीमागे ६५ सेंट फरक. त्यातून रद्द करण्याचे शुल्क जाते, साधारण ५ सेंटपर्यंत. दलाली, रोखे व्यवहार कर आणि चलन बदलण्याचा खर्च मिळून आणखी काही सेंट जातात. नफ्यावरचा कर वेगळा. तरीही धंदा परवडतो. म्हणून न्यूयॉर्कचा भाव मुंबईच्या फार खाली कधी टिकत नाही. मात्र हे तोच करू शकतो ज्याची परदेशी गुंतवणूकदार म्हणून भारतात नोंदणी आहे. अमेरिकेतल्या साध्या गुंतवणूकदाराला पावती मोडायचा हक्क आहे, पण मिळालेले समभाग ठेवायला खाते नाही.

आता उलटे धरू. पावती साडेअठरा डॉलरला गेली आहे. मुंबईत समभाग घ्यायचे आणि न्यूयॉर्कला पावत्या विकायच्या, असे मनात आले तरी आधी कस्टोडियनला विचारावे लागते, हेडरूम आहे का? इथेच या नियमातली मेख आहे. न्यूयॉर्क महाग असताना पावती कोणी मोडतच नाही, कारण मोडणारा स्वतःचे नुकसान करून घेतो. म्हणजे जेव्हा जागेची खरी गरज असते, तेव्हाच ती तयार होणे थांबते. आधीची शिल्लक संपली की न्यूयॉर्कचा चढा भाव खाली ओढणारे कोणी उरत नाही. मुंबईच्या खाली जाण्याला मजबूत तळ आहे, वर जाण्याला मात्र छत नाही.

२००२ चा नियम मला म्हणूनच अपुरा वाटतो. परकीय गुंतवणुकीवर मर्यादा हवी, हे मान्य. पण त्या मर्यादेच्या आत राहूनही पावत्यांवर वेगळे कुंपण घातल्याने भारतीय भागधारकाचे नुकसान झाले. त्याच्या हातातल्या समभागाला न्यूयॉर्कमध्ये जास्त किंमत होती आणि त्याला तिथे जाता येत नव्हते. इन्फोसिसने यावर एक उपाय केला. नोव्हेंबर २००६ मध्ये कंपनीने आपल्या भागधारकांनाच सांगितले की तुमचे समभाग द्या, आम्ही त्यांच्या पावत्या करून अमेरिकेत विकू. तीन कोटी पावत्या साडेत्रेपन्न डॉलरला विकल्या गेल्या. सुमारे १६० कोटी डॉलर आले. ते कंपनीच्या तिजोरीत न जाता खर्च वजा होऊन समभाग देणाऱ्यांना मिळाले. न्यूयॉर्कमध्ये पुरवठा वाढला आणि पुढच्या काळात दोन भावांमधली दरी आटत गेली.

अशी नोंदणी कायम ठेवावीच असे नाही. इन्फोसिस डिसेंबर २०१२ मध्ये नॅसडॅक सोडून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर गेली. २०१३ मध्ये तिने पॅरिस आणि लंडनच्या युरोनेक्स्टवरही पावत्या नोंदल्या. पण तिथे सौदेच होईनात. नोंदणीचा खर्च चालू, अहवालांचे काम चालू आणि दिवसाची उलाढाल नगण्य. २०१८ मध्ये कंपनीने युरोपातून काढता पाय घेतला. मुंबईच्या टाटा मोटर्सने तर २००४ पासून चालत आलेली न्यूयॉर्कची नोंदणीच जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. परदेशी गुंतवणूकदार आता थेट भारतातच येऊन खरेदी करतात, मग पावत्यांची गरज काय, असा कंपनीचा हिशेब होता. तिच्या एका पावतीमागे पाच समभाग होते. पावतीधारकांना ते सोडवून घेण्यासाठी काही महिन्यांची मुदत मिळाली. अशा वेळी मुदतीत जो काही करत नाही, त्याच्या वाट्याचे समभाग बँक विकते आणि येईल ती रक्कम त्याला देते. भाव त्याने निवडलेला नसतो.

सकाळी वर्तमानपत्रात ‘एडीआर पाच टक्के घसरली’ असे वाचले की लगेच विक्रीची ऑर्डर टाकू नका. आधी एका पावतीमागे किती समभाग आहेत ते पाहा: इन्फोसिसचा एक, आयसीआयसीआय बँकेचे दोन, एचडीएफसी बँकेचे तीन. पावतीचा भाव त्या संख्येने भागा, डॉलरच्या दराने गुणा आणि येणारा आकडा मुंबईच्या कालच्या बंद भावाशी ताडून पाहा. एरवी दोघांत किती फरक असतो, तेही आठवा. पावती एरवीच महाग असेल, तर ती घसरूनही मुंबईच्या भावाच्या वरच राहिलेली असू शकते. तसे असेल तर त्या घसरणीतून तुमच्या समभागाबद्दल फारसे काही कळत नाही.