शिर्डीसारख्या गावचा एसटीपी : डीपीआरमधले आकडे नेमकं काय सांगतात? समजून घ्या सोप्या भाषेत

शिर्डी : नगरपरिषदेचा सांडपाणी प्रकल्प म्हटला की आपल्या कानावर दोनच गोष्टी पडतात, 'इतक्या एमएलडीचा प्लांट' आणि 'इतक्या कोटींचा खर्च'. पण तो प्लांट गर्दीच्या दिवशी टिकणार की नाही, हे डीपीआरमधल्या म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालातल्या 'डिझाइन लोडिंग'च्या पानावर ठरतं. ज्यांचं शेत किंवा विहीर ओढ्या-नाल्याला लागून आहे, त्यांनी तर हे पान वाचायलाच हवं. प्लांटमधून सुटलेलं पाणी शेवटी तिथंच येतं.

आधी पाण्याचा हिशेब

एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. भुयारी गटार असलेल्या गावासाठी केंद्राच्या नियमपुस्तिकेत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन गटारात येतं.

२०११ च्या जनगणनेत शिर्डीची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती. तेवढ्याच लोकांचा हिशेब केला तर रोजचं सांडपाणी साधारण ३९ लाख लिटर होतं.

पण शिर्डीत फक्त रहिवासी नसतात. आता एक उदाहरण घेऊ. खालचे भाविकांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, कुठल्या मंजूर अहवालातले नाहीत. समजा रोज २० हजार भाविक लॉजवर मुक्कामी आहेत. लॉज-हॉटेलसाठी एका खाटेमागे १८० लिटर पाणी धरतात. आणखी ३० हजार जण दर्शन घेऊन त्याच दिवशी परततात, त्यांचे माणशी ४५ लिटर धरू. दोन्ही मिळून सांडपाणी जवळपास ४० लाख लिटर होतं.

म्हणजे पाहुण्यांचं सांडपाणी गावाइतकंच झालं! एकूण आकडा ७८ लाख लिटरवर, सुमारे ८ एमएलडीवर गेला. जो डीपीआर फक्त जनगणना बघून बनतो, तो इथं निम्म्यावरच चुकतो. शिवाय हा आकडा आजचा झाला. अहवालात पुढच्या १५ आणि ३० वर्षांची लोकसंख्याही धरावी लागते.

घाणीचं वजन : बीओडी

नुसतं पाणी मोजून भागत नाही. त्यात घाण किती, हेही बघावं लागतं. पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना जितका ऑक्सिजन लागतो, त्या मापाला बीओडी म्हणतात. एक माणूस रोज सुमारे २७ ग्रॅम बीओडी गटारात सोडतो, असं धरतात. हे २७ ग्रॅम १०८ लिटरमध्ये मिसळले की लिटरला २५० मिलिग्रॅम होतात.

आपल्या उदाहरणात ७८ लाख लिटर पाण्यात रोजची जवळपास १,९६० किलो बीओडी येते. डिझाइन लोडिंग म्हणतात ते हेच. टाकी किती मोठी, हवा किती, गाळ किती, सगळं या एका आकड्यावरून ठरतं.

पाणी कसं साफ होतं?

पहिल्यांदा जाळ्या. मोठ्या जाळीत प्लास्टिक, चिंध्या, निर्माल्य अडकतं, बारीक जाळीत उरलेला कचरा. त्यानंतरच्या टाकीत पाण्याचा वेग कमी करून वाळू-रेती खाली बसवतात. ही वाळू पुढं गेली तर पंप झिजतात.

मग खरं काम सुरू होतं. आजकाल बऱ्याच नगरपरिषदा एसबीआर पद्धत घेतात. यात एकाच टाकीत तीन कामं आळीपाळीनं होतात. टाकीत पाणी येत असताना खालून ब्लोअरनं हवा सोडतात. मग हवा बंद करून गाळ खाली बसू देतात. शेवटी वरचं नितळ पाणी काढून घेतात. अशी एक फेरी साधारण तीन-चार तासांची असते. एक टाकी निवळत असताना दुसरी भरत असते.

सफाई करतात ते टाकीतल्या गाळात वाढलेले जंतू. घाण हे त्यांचं जेवण. म्हणून इंजिनिअर 'जेवण किती आणि खाणारे किती' हे प्रमाण बघतात. समजा एक किलो गाळामागं रोज ०.१२ किलो बीओडी ठेवायची, आणि टाकीतल्या दर घनमीटर पाण्यात ४ किलो गाळ राखायचा. मग १,९६० किलो घाणीसाठी साधारण ४,१०० घनमीटरच्या टाक्या लागतात.

त्यानंतर क्लोरीन मिसळून पाणी अर्धा तास थांबवतात, म्हणजे रोगजंतू मरतात. उरलेला गाळ यंत्रानं पिळून सुकवतात. आपल्या हिशेबात रोज सात-आठ टन ओलसर गाळ निघेल, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोनेक ट्रॉल्या. हा गाळ कुठं टाकणार, याची जागा डीपीआरमध्ये लिहिलेली नसेल तर तो नंतर कुठल्या तरी गावाच्या कडेला येऊन पडतो.

रामनवमीला काय होईल?

रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमी या तीन उत्सवांना गर्दी वाढते. समजा त्या दिवशी भार दीडपट झाला. टाकी तेवढीच, जंतूही तेवढेच, पण जेवण दीडपट. ०.१२ चं प्रमाण ०.१८ वर जातं. ही वरची कड आहे. जादा ब्लोअर चालू केला तर प्लांट तगून जातो. भार दुप्पट झाला तर प्रमाण ०.२४ होतं. मग हवा पुरत नाही, गाळ नीट बसत नाही आणि तो वरच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातो.

हे ओळखायचं कसं? प्लांटवर साधी चाचणी असते. टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या नळीत अर्धा तास ठेवतात. वर सांगितलेल्या गाळात साधारण ४०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत गाळ बसला तर ठीक. ६०० च्या वर राहिला तर गाळ फुगलाय. सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर हवा कमी पडतेय, किंवा लाईट गेल्यावर ब्लोअर बंद राहतायत. हॉटेलांचं तेलकट पाणी तेल अडवणाऱ्या टाकीतून न जाता थेट गटारात आलं, तरी टाकीवर तवंग येतो आणि काम बिघडतं.

सुटणारं पाणी किती साफ हवं?

राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये बीओडी लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत आणण्यास सांगितलं. म्हणजे आत येताना २५०, बाहेर जाताना १०. विष्ठेतल्या जंतूंची मर्यादा १०० मिलिलिटरमागे २३० ठेवली. पाणी दिसायला नितळ असलं तरी हे जंतू असू शकतात. त्यामुळं तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय ते पाणी कोथिंबीर, मेथी, काकडीसारख्या कच्च्या खायच्या मालाला देऊ नका.

डीपीआर हातात आला तर हे बघा

• भाविकांची संख्या धरली आहे का? रोजची सरासरी की उत्सवाची?
• आत येणारी आणि बाहेर जाणारी बीओडी किती लिहिली आहे?
• जादा ब्लोअर आणि जनरेटर आहे का?
• गाळ टाकायची जागा ठरली आहे का?
• किती घरं आणि लॉज गटाराला जोडले जाणार आहेत? जोडण्या झाल्या नाहीत तर मोठा प्लांटही उपाशी राहतो आणि घाण उघड्या नाल्यानंच वाहते.

डीपीआरची प्रत नगरपरिषदेत माहिती अधिकारात मागता येते. अर्जात 'सांडपाणी प्रकल्पाचं डिझाइन लोडिंग आणि प्रक्रियेचं वर्णन' असं स्पष्ट लिहा, म्हणजे नेमकी पानं मिळतील.