स्नेहसंमेलनाचे आभार: अडीच मिनिटांत आणि कुणाला न विसरता

डिसेंबर उजाडला की सीमाभागातल्या मराठी शाळांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. नाच बसवायला पंधरा-पंधरा दिवस जातात, सूत्रसंचालनाची वही आधीच लिहून तयार असते, पाहुण्यांना हार कोण घालणार तेही ठरलेलं असतं. आभाराचं मात्र शेवटच्या संध्याकाळी ठरतं. "बाई, आभार तेवढे तुम्ही माना," एवढंच सांगितलं जातं. मग रात्री साडेदहाला, अर्धं मैदान उठलेलं असताना, कुणीतरी घडी घातलेला कागद उलगडतं आणि वीस नावं एका दमात वाचून काढतं. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा होते ती विसरलेल्या एकविसाव्या नावाची.

कन्नड कार्यक्रमपत्रिकेत याला 'वंदनार्पणे' म्हणतात, गुजरातीत 'आभारविधि', आपल्याकडे 'आभार प्रदर्शन'. नाव काहीही असो, काम एकच आहे. ज्यांनी हातभार लावला त्यांचं काम आम्ही पाहिलं, हे सगळ्यांसमोर सांगणं. छोट्या शाळेला तर हे टाळून चालतच नाही, कारण पुढच्या वर्षी ट्रॉली, खुर्च्या आणि दिव्यांच्या माळा त्याच माणसांकडे मागायला जायचं असतं.

यादी मैदानात फिरून करायची

आभाराची यादी ऑफिसात बसून केली की ती व्यासपीठावरच्या खुर्च्यांची यादी होते. त्यापेक्षा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला मैदानात एक चक्कर मारा. स्टेज कशावर उभं आहे? वीज कुणाच्या घरातून घेतली आहे? सतरंज्या कुणाच्या? मेकअप कोण करतंय? पाण्याचं पिंप कुणी भरलं? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक माणूस. नावाबरोबर त्याने काय केलं तेही दोन शब्दांत लिहून घ्या. आभारात उपयोगी पडतं ते हेच.

नंतर यादीचे दोन भाग करा. ज्यांचं काम सांगायचं अशी पाच-सहा नावं एका बाजूला. बाकीच्यांची गटाने नोंद दुसऱ्या बाजूला: सगळे पालक, माजी विद्यार्थी, तरुण मंडळ. इथे एक पथ्य पाळावं लागतं. एखाद्या गटातल्या एकाचं नाव घेतलं तर त्या गटातल्या सगळ्यांचं घ्यावं लागतं, नाहीतर कुणाचंच नको. दहा आयांनी लुगडी नेसवली आणि नाव दोघींचंच आलं, तर उरलेल्या आठजणी घरी जाताना तेच बोलणार. देणगीचं तर आणखी नाजूक. आकडे आभारात वाचू नयेत. पाचशे देणाऱ्याला पाच हजारांच्या मागोमाग आपलं नाव ऐकायला बरं वाटत नाही.

कार्यक्रम सुरू झाल्यावर यादी खिशात ठेवू नका, हातात ठेवा. अध्यक्ष आलेच नाहीत, पाहुणे बक्षीस वाटून नऊला निघून गेले, त्यांच्याऐवजी दुसरेच कुणी आले, असं हमखास होतं. न आलेल्या माणसाचे 'उपस्थित राहिल्याबद्दल' आभार मानले की मैदानात हसू फुटतं. म्हणून जे प्रत्यक्ष दिसले त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने टिक करत जा.

एक उदाहरण घेऊ

समजा, खानापूर तालुक्यातली पहिली ते सातवीची शाळा आहे, पटावर ८४ मुलं. प्रमुख पाहुणे गटशिक्षणाधिकारी, त्यांची भाषा कन्नड. सोबत ग्रामपंचायत अध्यक्ष आणि शाळा सुधारणा समितीचे अध्यक्ष. खुर्च्या शेजारच्या कन्नड शाळेतून आल्या आहेत. दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं आहे. आभार मानणार आहेत सहशिक्षिका. त्यांनी असं बोलावं:

"आदरणीय व्यासपीठ आणि समोर बसलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

साडेदहा वाजलेत. पहिलीतली निम्मी मुलं आईच्या मांडीवर झोपलीत. ती जागी व्हायच्या आत मी संपवते.

आजचे आपले पाहुणे, गटशिक्षणाधिकारी साहेब. साहेबांची भाषा कन्नड. पण मघाशी बक्षीस देताना त्यांनी प्रत्येक मुलाला 'नाव काय तुझं?' असं मराठीतच विचारलं. साहेब, तमगे नम्म शालेय परवागि हृत्पूर्वक धन्यवादगळु.

ग्रामपंचायत अध्यक्षांनी मैदान सपाट करून दिलं, म्हणून आज एकही पोर नाचताना अडखळलं नाही. समितीच्या अध्यक्षांनी सकाळपासून मांडवात उभं राहून काम केलं. दोघांचे मनापासून आभार.

तुम्ही ज्या खुर्च्यांवर बसलाय, त्या शेजारच्या कन्नड शाळेच्या आहेत. तिथले गुरुजी त्या स्वतः ट्रॉलीतून घेऊन आले आणि शेवटपर्यंत थांबलेत. गुरुजी, तुमच्या संमेलनाला आमची मुलं खुर्च्या मांडायला येतील.

हे स्टेज म्हणजे दोन ट्रॉल्या. ऊस ओढायच्या दिवसांत ज्यांनी त्या दोन दिवस मोकळ्या ठेवल्या, त्या दोन्ही घरांचे आभार. वीज ज्या घरातून घेतली, त्या आजींचे आभार. महिनाभर आमच्या ढोलकीचा आवाज त्यांनीच सर्वांत जास्त सोसला.

आपल्या स्वयंपाकाच्या मावशी आता इथे दिसणार नाहीत. त्या मागे मुलांसाठी भात उतरवताहेत. मावशी, ऐकू येत असेल तर ही टाळी तुमच्यासाठी आहे.

लुगडी नेसवणाऱ्या सगळ्या आया, बाहेरगावाहून मदत पाठवणारे माजी विद्यार्थी, तरुण मंडळ आणि माझे सहकारी शिक्षक, तुमच्याशिवाय पडदा उघडलाच नसता.

आणि मुलांनो, तुम्ही आज आम्हाला फार आनंद दिलात. उद्या सुट्टी आहे, परवा मात्र वेळेवर या.

सर्वांचे पुन्हा एकदा आभार. आता राष्ट्रगीतासाठी उभे राहू या."

हे सगळं दोनशेच्या आसपास शब्दांत बसतं. मिनिटाला शंभर शब्द या निवांत गतीने, टाळ्यांसाठी थांबत बोललं, तरी अडीच मिनिटांत संपतं. तीन मिनिटांच्या पुढे गेलं की लोक चपला शोधायला लागतात, आणि मागे पोचलेला आवाज मग कुणाच्याच कानात शिरत नाही.

यात काय केलं आहे

पहिलं वाक्य बघा. 'आभार मानणे ही औपचारिकता नसून कर्तव्य आहे' अशी सुरुवात आपण इतकी वर्षं ऐकली आहे की ती कानावरून निघून जाते. इथे बाईंनी समोर दिसतं तेच सांगितलं. मुलं झोपलीत हे सगळ्यांना दिसतंय, म्हणून लोक हसतात. आणि 'मी संपवते' म्हटल्यामुळे उठणारे दोन मिनिटं थांबतात.

पाहुण्यांसाठी 'अमूल्य वेळात वेळ काढून' हे शब्द कुठेच नाहीत. त्याऐवजी त्या संध्याकाळी घडलेली एक गोष्ट आहे. ही गोष्ट आधी लिहिता येत नाही. कागदावर दोन ओळी कोऱ्या सोडायच्या आणि पाहुणे बोलत असताना त्या भरायच्या. तेवढ्यानेच भाषण त्या दिवसाचं होतं. पुढच्या वर्षी तोच कागद वाचून दाखवता येत नाही.

कन्नड वाक्य एकच आहे आणि ते पाहुण्यांना उद्देशून आहे. त्याचा अर्थ, 'आपल्याला आमच्या शाळेच्या वतीने मनःपूर्वक धन्यवाद'. बाकी सगळं भाषण मराठीतच राहतं. पाहुण्याच्या भाषेतलं एक वाक्य मानाने म्हणणं हे साधं आतिथ्य आहे. गोव्यातल्या शाळेत तिथे 'देव बरें करूं' येईल. फक्त ते वाक्य कन्नड जाणणाऱ्या कुणाकडून तरी आधी म्हणवून घ्या. चुकीचा उच्चार झाला तर मान देण्याऐवजी थट्टा झाल्यासारखं वाटतं. पाहुण्याचं नाव घ्यायचं असेल तर त्यालाही हेच लागू. पत्रिकेतल्या आद्याक्षरांवरून अंदाजाने पूर्ण नाव उच्चारू नका, त्यांच्या सोबत आलेल्या माणसाला विचारून घ्या.

मानाचा क्रम पाळला आहे: पाहुणे, अध्यक्ष, मग मदत करणारे, मग गट, शेवटी मुलं. पण भाषणाची ऊब सगळी मधल्या भागात आहे, जिथे व्यासपीठावर नसलेली माणसं येतात. ट्रॉलीवाल्यांचं काम का मोठं, तर ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉली उभी ठेवणं म्हणजे त्या घराचं दोन दिवसांचं काम थांबणं. ते कारण बोललं गेलं म्हणूनच आभार त्यांच्यापर्यंत पोचतात. मावशींचं नाव तर पत्रिकेत कधीच नसतं. टाळी त्यांच्यासाठी मागितली की मैदान स्वतःहून मागे वळून बघतं.

भाषेच्या दोन-तीन चुका

'आभार' हा शब्द अनेकवचनी चालतो: आभार मानले, मनःपूर्वक आभार. 'आपल्याला आभार मानतो' हे चूक, 'आपले आभार मानतो' किंवा 'मानते' हे बरोबर. 'मी आभार प्रदर्शन करतो' असंही म्हणू नये. ते पत्रिकेतलं कार्यक्रमाचं नाव आहे, बोलताना 'आभार मानतो' एवढं पुरे. कागदावर 'मा. श्री.' लिहिलेलं असलं तरी वाचताना 'माननीय' म्हणायचं, किंवा सरळ 'साहेब', 'ताई', 'गुरुजी' म्हणायचं. आणि 'आभार मानून परकं करणार नाही, ऋणातच राहीन' हे वाक्य कितीही गोड वाटलं तरी ते आभार टाळण्याची वाट आहे. ट्रॉलीवाल्याला त्यातून काहीच मिळत नाही.

शेवटी एक. मुलांना कुणाच्या ताब्यात द्यायचं, भात कुठे वाढणार, चुकलेलं पैंजण कुठे मिळेल, या सूचना सूत्रसंचालकाने आभाराच्या आधी सांगून टाकाव्यात. आभारानंतर फक्त राष्ट्रगीत. आणि एवढं करूनही एखादं नाव राहिलंच, तर दुसऱ्या दिवशी फोन करू नका. त्यांच्या घरी जा, एक चहा घ्या, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत ते नाव आजच वर लिहून ठेवा.